आधी माझ्या हातावर

राजेश्रीइतकी भित्री बाई आमच्या गावात दुसरी नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर म्हणते. कुत्रं भुंकलं की ती गल्ली बदलते. आभाळ गडगडलं की मोबाइल बंद करून डब्यात ठेवते. बोरीच्या बँकेत सही करायची म्हटली तरी तिच्या हाताला घाम सुटतो. अशी बाई गावची आशा कार्यकर्ती झाली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. मी इथली अंगणवाडीची सेविका, कमलबाई. माझं तोंड तिखट आहे हे गावाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे.

लोकांना वाटतं आशाच सुई टोचते. तसं नाही. सुई टोचायला उपकेंद्रातून निकिता सिस्टर येते, महिन्यातून एकदा, ठरलेल्या मंगळवारी, माझ्याच अंगणवाडीत. आशाचं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. बाळंतीण घरी आली की ठरलेल्या दिवसांना तिने जायचं, साबणाने हात धुवायचे, बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची, आईचं दूध नीट चाललंय का ते बघायचं. आणि मंगळवारी ते बाळ अंगणवाडीत येईल असं करायचं. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण तिथे काटा आणि थर्मामीटर कामाला येत नाहीत.

छबूबाईच्या घरी नातू झाला तेव्हाची ही गोष्ट. छबूबाईचा मुलगा महारुद्र आणि सून पंकजा दरसाल ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, आणि मग उन्हाळ्यापर्यंत कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहायचं. पंकजाचं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं. तिथे जन्मल्या जन्मल्या बाळाला लस देतात. पण छबूबाईने बाळ पदराखाली घेतलं आणि नर्सला सांगितलं, जबरदस्ती केली तर मी आत्ताच्या आत्ता रस्त्यावर जाऊन बसते. महारुद्रने कागदावर नकाराची सही केली आणि तिघं बाळाला घेऊन घरी आले.

राजेश्री पहिल्यांदा गेली तेव्हा मीही सोबत होते, पोषण आहाराचं पाकीट द्यायला. छबूबाई उंबऱ्यातच उभी होती. आत बाजेवर पंकजा, शेगडीचा धूर, ओव्याचा वास.

"वजन कर, ताप बघ, तुझं काय असंल ते कर," छबूबाई म्हणाली. "पण सुईचं नाव काढायचं न्हाई. नाव काढलंस तर परत दारात उभी करणार न्हाई."

"बरं मावशी," राजेश्री म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, सगळ्या गावाची लेकरं घेतात लस, तुमचंच काय सोन्याचं हाय का?"

 छबूबाईने अंगणात खेळणाऱ्या नातीला हाक मारली. ज्ञानेश्वरी, चार वर्षांची, सगळे तिला ज्ञानू म्हणतात. छबूबाईने तिच्या फ्रॉकची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली. दंडावर तळहाताएवढा चट्टा होता, कडेने काळा, मधे गुळगुळीत आणि ताणलेला. पोरीला हात पूर्ण वर करता येत नव्हता, त्या कातडीपायी.

"ही त्याच सुईची करणी हाय," छबूबाई म्हणाली. "जवा मी हिला परभणीच्या दवाखान्यात मांडीवर घिऊन बसले होते ना, तवा तुमच्यातलं कोणी न्हवतं तिथं."

 ज्ञानूचा जन्म पंकजाच्या माहेरी झाला होता, सुई तिकडेच घेतलेली, आणि पोर इकडे आली न आली तोच तिला परभणीला नेलेलं. म्हणून आमच्यापैकी कोणालाच तेव्हाचं नीट माहीत नव्हतं. राजेश्रीने बाळाचं वजन केलं, त्याची नाळ कोरडी आहे म्हणून सांगितलं, आणि आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. 

"बाई, बीसीजीचा वण असा नसतो," ती म्हणाली. "मसुरीच्या डाळीएवढा असतो. हे दुसरंच काहीतरी हाय."

"मग तोंडावर सांगायचं की."

"काय सांगू? मला ठाऊक कुठं हाय काय झालतं ते."

तिला भीती दोन गोष्टींची होती, आणि ती मला तिने त्याच संध्याकाळी अंगणवाडीचं कुलूप लावताना सांगितली. पहिली अशी, की सुई दिली आणि नंतर बाळाला नुसती सर्दी जरी झाली तरी ते घर कायमचं बंद होईल, आणि त्या घरामागे अख्खी ऊसतोड्यांची आळी. दुसरी भीती कारखान्याची. मागच्या सालाला फडावर महारुद्रच्या शेजारच्या कोपीतलं एक लेकरू गेलं होतं. आधी बारीक ताप, मग उलट्या, मग मान ताठ झाली आणि झटके. मोठ्या दवाखान्यात सांगितलं, टीबी मेंदूत गेला. कोपीत कोण खोकतंय, कोणाला काय आहे, कोणी विचारत नाही. एका पाचटाच्या भिंतीआड दहा माणसं झोपतात. बीसीजी मोठ्या माणसाचा टीबी थांबवते असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पण तान्ह्या लेकरात तो मेंदूत जाऊ नये म्हणूनच ती देतात. हे बाळ दिवाळीनंतर त्याच कोपीत जाणार होतं.

"हेच सांग ना तिला," मी म्हटलं. "एवढ्यानं कोणीबी घाबरंल."

"ती आधीच घाबरलेली हाय बाई," राजेश्री म्हणाली. "अजून किती घाबरवू?"

दुसऱ्या खेपेला ती एकटीच गेली. त्या दिवशी तिने काटा पिशवीतून काढला नाही, असं ती मला म्हणाली. छबूबाई तांदूळ निवडत होती, महारुद्र दारात बसला होता. राजेश्री समोर बसली आणि सुपातले खडे काढू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, ज्ञानूचं काय झालतं ते मला पहिल्यापासून सांगा. मी मधी बोलणार न्हाई."

आणि ती खरंच मधे बोलली नाही. छबूबाईने सांगितलं: सुई घेतली तेव्हा काहीच नव्हतं. पोरगी हसायची, प्यायची. महिना होत आला आणि दंडावर फोड आला. मग त्यात पू झाला. मग एकाएकी सगळा दंडच सुजला, लाल झाला, कातडी सोलून निघाली, आणि असा ताप चढला की पोरीचे डोळे फिरले. महारुद्रने रिक्षा करून परभणीला नेलं. कितीतरी दिवस सलाईन. एका रात्री तर डॉक्टरने सांगितलं, देवाचं नाव घ्या. महारुद्र तेव्हापासून सुई म्हटलं की घराबाहेर निघून जातो.

"तवा त्याच्यावर काही लावलं होतं का मावशी?"

"काय लावणार माय. घरचंच, जे आपल्यात लावतात ते."

राजेश्रीने तो धागा तिथेच सोडला. आता ओढला तर तुटेल असं तिला वाटलं. मला विचाराल तर तिने तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मग ती बोलली. बीसीजी डाव्या दंडावर देतात, कातडीच्या वरच्याच पदरात, खोल नाही. टोचल्यावर तिथे एक बारीक फुगा येतो आणि अर्ध्या तासात जिरतो. तीन-चार आठवड्यांनी तिथे फोड येतो, पिकतो, फुटतो, वाळतो आणि बारका वण उरतो. "हे व्हायलाच पाहिजे मावशी. झालं म्हणजे लस लागू पडायलीय. त्याला काही लावायचं न्हाई, दाबायचं न्हाई, बांधायचं न्हाई. अंघोळ घालायची, सुती फडक्यानं टिपायचं, बस."

"म्हणजे पिकणार," छबूबाई म्हणाली. "तू तोंडानं कबूल करायलीस की पिकणार."

"हो. पिकणार."

"आन मला सांगायलीस की घ्या."

"हो मावशी."

"काही होणार न्हाई असं लिहून देशील?"

राजेश्रीच्या जागी मी असते तर कागद मागून घेतला असता आणि अंगठा उठवून दिला असता. ती म्हणाली, "न्हाई देणार. एखाद्या लेकराच्या काखेत गाठ येते, फोड जरा मोठा होतो. लय कमी, पण होतं. तसं काही झालं तर मी सोबत दवाखान्यात यीन. आन फोड आल्यावर वाळंस्तोवर मी रोज यीन. तुमी हाकलून दिलं तरी यीन."

आत बाजेवरून पंकजा बोलली. सासूसमोर ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "आत्या, कोपीतलं ते लेकरू माझ्या मांडीवर गेलं. त्याची माय पाणी आणायला गेली होती. मला रोज तेच दिसतंय."

 छबूबाईने सूप बाजूला ठेवलं. महारुद्र दारातून उठून गल्लीत गेला आणि तिकडूनच म्हणाला, "आई म्हणंल तसं."

"बारसं होऊ दे," छबूबाई म्हणाली. एवढंच.

बारसं सोमवारी होतं आणि लसीचा वार मंगळवार. दवाखान्यात जन्मल्या दिवशी जी काविळीची सुई द्यायची असते तिची वेळ गेली होती. तिची भरपाई आता दीड महिन्याच्या सुईतच होणार होती. पोलिओचे जन्माचे थेंब पंधरा दिवसांच्या आत द्यावे लागतात, ते मात्र जेमतेम साधणार होते. बीसीजी वर्षापर्यंत चालते, पण राजेश्रीला वर्ष नको होतं, तिला ट्रक यायच्या आधी हवी होती.

मंगळवारी सकाळपासून ती अंगणवाडीच्या दारात उभी. निकिता सिस्टरने निळा डबा उघडला, बर्फाच्या पट्ट्यांमधून बाटल्या काढल्या, प्रत्येकीवरचा चौकोन डोळ्याजवळ नेऊन पाहिला. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तरच ती बाटली चालते. पोरं आली, रडली, गेली. दुपार टळत आली तेव्हा गल्लीतून छबूबाई येताना दिसली, तिच्यामागे कानाला फडकं बांधलेली पंकजा, बाळ तिच्या पदरात. बाळंतपणाचा सव्वा महिना व्हायच्या आत बाई घराबाहेर पडते हे आमच्याकडे पाहवत नाही, पण छबूबाई म्हणाली, "बाळाला तिची ती धरंल. माझ्यानं होणार न्हाई."

सिस्टरने बीसीजीची पूड तिच्यासोबतच्याच पाण्यात कालवली आणि बाटलीवर वेळ लिहिली, कारण कालवलेली लस चार तासांपुढे चालत नाही. बारीकशी सुई, डावा दंड, कातडीला जवळजवळ आडवी. बाळ एकदाच कळवळलं. दंडावर पांढरा फुगा वर आला आणि छबूबाईने माझं मनगट धरलं. तिची नखं माझ्या कातडीत रुतली. मग तोंडात पोलिओचे दोन थेंब. अर्धा तास आमच्या सतरंजीवर सगळ्यांना बसवून ठेवलं. फुगा जिरला. बाळ प्यायलं आणि झोपलं. छबूबाई त्याच्या दंडावरून डोळा हलवेना, आणि राजेश्री छबूबाईवरून.

पुढचे तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि राजेश्रीच्या जिवाला त्यानेच घोर लागला. जेवताना मधेच थांबायची. "आता यील बाई फोड," म्हणायची. मी म्हणायचे, येऊ दे, तूच सांगितलंस ना येणार म्हणून. ती म्हणायची, "सांगणं येगळं आन दिसणं येगळं."

एका दुपारी आम्ही दोघी गृहभेटीला निघालो. छबूबाईच्या अंगणात शिरलो आणि मला वास आला. करपलेल्या तेलाचा, उग्र. हा वास आमच्याकडच्या कोणत्याही बाईला झोपेतही कळेल. बिब्बा. पायात काटा मोडला, टाच फुटली, पोट दुखलं, की बिब्बा दाभणाला टोचून विस्तवावर धरतात, त्यातून काळं तेल सुटतं, ते लावतात. ज्याला सोसतं त्याला सोसतं. ज्याला उततो त्याच्या कातडीचं काही खरं नसतं.

सव्वा महिना नुकताच सरला होता, पंकजा विहिरीवर धुणं घेऊन गेली होती. छबूबाई चुलीपुढे बसली होती, मांडीवर बाळ, बाळाचा डावा दंड उघडा. दंडावर वाटाण्याएवढा फोड, टोकाला पिवळा. छबूबाईच्या उजव्या हातात दाभण, दाभणाच्या टोकाला बिब्बा, आणि बिब्ब्याच्या बुडाशी तेलाचा काळा थेंब जमला होता. अजून पडला नव्हता.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंच होतं. राजेश्रीने माझ्या दंडाला असं काही धरलं की आवाज घशातच राहिला. मी ओरडले असते तर छबूबाई दचकली असती आणि तो थेंब तिथेच पडला असता, हे मला नंतर कळलं.

राजेश्री जाऊन तिच्याजवळ बसली. अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. "काय करायलाव मावशी?" तिचा आवाज इतका बारीक होता की मला जेमतेम ऐकू आला.

"पिकलंय," छबूबाई म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "ज्ञानूच्या टायमाला मला उशीर झाला. पू झाल्यावर चार दिसांनी लावलं म्या, तोवर आत उतरलं होतं. आज पहिल्याच दिशी लावायलेय. आज उशीर करणार न्हाई."

 इतकी वर्षं ही बाई मनाशी हेच धरून बसली होती की आपण औषध उशिरा लावलं. रोज त्या पोरीला न्हाऊ घालताना, रोज तो चट्टा चोळताना, हेच. आणि आज ती चूक दुरुस्त करायला बसली होती.

राजेश्रीला सगळं कळलं होतं. तिचा चेहरा चुलीच्या राखेसारखा झाला होता. पण ती 'तुमीच जाळलं तिला' असं म्हणाली नाही. तिने साडीचा पदर खांद्यावरून मागे सारला, ब्लाउजची बाही वर केली आणि स्वतःचा डावा दंड छबूबाईपुढे धरला. तिथे बीसीजीचा जुना वण होता, मसुरीच्या डाळीएवढा, खोलगट.

"मावशी, हे माझं बी पिकलं होतं. माझ्या मायनं काही लावलं न्हवतं. बघा, एवढुसंच राहिलं." मग ती म्हणाली, "तुमाला लावायचंच हाय ना, तर आधी माझ्या हातावर लावा. ह्या वणाच्या बाजूला. बाळाला आज नको, परवा लावा. परवा माझा हात बघा आन मंग तुमाला वाटंल तसं करा. मी आडवी येणार न्हाई."

"येडी झालीस का गं?" हे मी म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही.

छबूबाई तिच्याकडे बघत राहिली. थेंब लांबट झाला होता. कुत्र्याला भिऊन गल्ली बदलणारी ही बाई दंड पुढे धरून बसली होती आणि तो दंड थरथरत होता, पण मागे घेत नव्हती. छबूबाईने दाभण बाळावरून बाजूला नेलं. थेंब राजेश्रीच्या दंडावर पडला. चर्र झालं नाही, काहीच झालं नाही, नुसता काळा डाग. राजेश्रीने ओठ दाबून धरले. मग बाळ छबूबाईच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि पंकजा येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. नुसतं 'थांबा' म्हणाली असतीस तर. राजेश्री म्हणाली, "आज थांबल्या असत्या. मी गेल्यावर लावलं असतं."

घरी जाऊन तिने साबणाने तो डाग खूप धुतला. त्याच रात्री खाज सुटली. दुसऱ्या दिवशी दंड कोपरापर्यंत सुजला, त्यावर पाण्याचे फोड उठले, फोड फुटून कातडी ओली झाली. तिला रात्री कुशीवर झोपता येईना. मी तिला बोरीच्या दवाखान्यात नेलं, मलम आणि गोळ्या आणल्या, आणि वाटेत पुन्हा बोलले. तशाच हाताने ती छबूबाईकडे गेली. मधल्या दिवशीही ती गेलीच होती, बाही खाली ओढून. आज ठरलेला तिसरा दिवस होता.

छबूबाई दारातच होती. "दाखव," म्हणाली.

राजेश्रीने बाही वर केली. छबूबाईने पाहिलं. मग तिने ज्ञानूला बोलावलं आणि तिचा दंड राजेश्रीच्या दंडाशेजारी धरला. एक ताजा, एक जुना. कडा सारख्याच होत्या. छबूबाई खाली बसली. उंबऱ्यावर नाही, तशीच मातीत. तिने तोंडात पदराचा बोळा घातला आणि आवाज न करता किती वेळ तरी हलत राहिली. ज्ञानू म्हणाली, "आज्जे, हिला बी सुई टोचली का?" 

शेवटी छबूबाईने विचारलं, "पंकजाला सांगणार का?"

"मी न्हाई सांगणार मावशी."

"कमल?"

माझ्याकडे सगळ्या गावाच्या गोष्टी असतात आणि त्या माझ्या पोटात फार काळ राहत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "न्हाई." आणि खरंच सांगितलं नाही. मला ते फार जड गेलं.

बाळाचा फोड आपोआप फुटला, त्यावर खपली धरली. राजेश्री रोज जायची, फक्त बघायची. काखेत बोटांनी चाचपून गाठ नाही ना ते बघायची. रोज येताना ती माझ्या दारात थांबून नुसती मान हलवायची. छबूबाईने बिब्ब्यांची पुरचुंडी चुलीत टाकली नाही. बिब्बा जळताना धूर लागतो, पोरीला बाधेल म्हणाली. शेताच्या बांधावर खड्डा करून पुरली.

दीड महिन्याच्या लसीचा मंगळवार दिवाळीच्या आसपास आला. ट्रक यायला थोडेच दिवस होते. हा डोस जड असतो: तोंडातून पोलिओचे थेंब आणि जुलाबाची लस, उजव्या दंडावर पोलिओची बारीक सुई, एका मांडीत पाच रोगांची, दुसऱ्या मांडीत न्यूमोनियाची. पाचांत घटसर्प असतो, डांग्या खोकला असतो, धनुर्वात असतो, आणि राहून गेलेली कावीळही. रात्री ताप येतो, मांडी दुखते. ताप आला तर किती थेंब द्यायचे ते सिस्टर वजन बघून सांगते. राजेश्रीने हे सगळं छबूबाईच्या घरी तीनदा सांगितलं होतं, आणि फडावर असताना पुढचा डोस कुठे घ्यायचा तेही. तरी ती सकाळपासून पाणी पीत होती.

अंगणवाडीत गर्दी होती. पंकजा भिंतीशी बाळ घेऊन बसलेली, शेजारी छबूबाई, ज्ञानू तिच्या पाठीला चिकटलेली. पलीकडे गीताबाई, वरच्या आळीची, आपल्या नवीन नातीला घेऊन. तिच्या नातीचा दंड नुकताच पिकायला लागला होता, आणि गीताबाई सुनेला म्हणत होती, "कशाला रडायलीस? घरी गेल्यावर बिब्बा तापवून लावते. दोन दिसात बसतंय."

राजेश्री माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. ती उठणार होती. तिच्याआधी छबूबाई उठली.

तिने ज्ञानूचा हात धरला, तिला गीताबाईपुढे उभं केलं, बाही खांद्यापर्यंत वर सारली. 

"गीता, हे बघ," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही. "हे सुईनं झालं न्हाई. चार सालं मी सुईला शिव्या दिल्या. हे म्या केलंय. ह्या हातानं. बिब्ब्यानं. पोरगी मरता मरता वाचली माझी. तू लावू नको. काहीच लावू नको."

गीताबाई नातीचा दंड पदराने झाकून बसली. छबूबाई मागे वळली आणि तेव्हा तिला पंकजा दिसली. पंकजा तिच्याकडेच पाहत होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं. ज्या लेकीचा हात वर जात नाही, त्या लेकीची आई ती. छबूबाई जागच्या जागी उभी राहिली, तिला पुढे येता येईना की मागे जाता येईना. मला वाटलं, आता पंकजा उठेल, दोन्ही लेकरं घेऊन निघून जाईल, आणि राजेश्रीच्या इतक्या दिवसांचं सगळं पाण्यात.

सिस्टरने नाव पुकारलं, "महारुद्रचं बाळ."

पंकजा उठली. खुर्चीपर्यंत गेली, पण बसली नाही. डोळ्यांतलं पाणी तिने खांद्याला पुसलं, कारण हातात बाळ होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला बघवायचं न्हाई. तुमीच धरा ह्याला."

छबूबाई खुर्चीवर बसली. पंकजाने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. राजेश्रीने वाकून बाळाचे पाय कसे धरायचे ते दाखवलं, आणि छबूबाईने दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवले.